तडजोडपत्रातल्या तारखा वहीत उतरवताना

(व्यापाऱ्यांसाठी आणि त्यांच्या हिशेबनिसांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज एकच कागद घेऊन बोलतो. कागद काल्पनिक आहे, पण त्यातली कलमं तुमच्या फायलींत सापडतील अशीच आहेत. पुण्यातल्या एका लोखंड पुरवठादाराने एका बांधकाम कंपनीवर वसुलीचा दावा लावला. दोघांनी ६० लाखांवर तडजोड केली आणि कन्सेंट टर्म्स न्यायालयात दाखल केल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली त्यानुसार हुकूमनामा झाला. १० लाख लगेच द्यायचे आणि उरलेले ५० लाख पाच-पाच लाखांच्या दहा मासिक हप्त्यांत. आता हा कागद हिशेबनिसाच्या टेबलावर येतो आणि मालक म्हणतो, "तारखा कॅलेंडरला टाकून ठेव."

पहिलं कलम म्हणतं, आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत १० लाख. कागदावर मात्र तीन तारखा आहेत. दोन्ही पक्षांनी सह्या केल्या ५ मार्च २०२६ला, न्यायालयाने आदेश केला १२ मार्चला आणि आदेशाची नक्कल हाती पडली १६ला. हिशेबनीस बहुतेक वेळा वरची, म्हणजे सहीची तारीख धरतो, कारण ती ठळक असते. इथे मोजणी १२ पासून. तो पहिला दिवस सोडून मोजायचं, म्हणजे शेवटचा दिवस येतो २७ मार्च. कलमात "आदेशाची प्रत मिळाल्यापासून" असं असतं, तर मुदत ३१ मार्चपर्यंत गेली असती. पण मग प्रत कधी मिळाली याचा पुरावा जपणं हेही एक काम झालं असतं. म्हणून वहीत नुसतं "२७ मार्च, १० लाख" लिहू नका. शेजारी कलमाचा क्रमांक, कलमातले मूळ शब्द आणि मोजणी कुठून सुरू केली ते लिहा. सहा महिन्यांनी वाद झाला, तर तुमची स्मरणशक्ती कुणी विचारणार नाही.

दुसरं कलम सोपं वाटतं. १० मे २०२६ पासून दर महिन्याच्या १० तारखेला किंवा त्यापूर्वी पाच लाख. दहा ओळी कॉपी केल्या की झालं, असं वाटतं. आता कॅलेंडर उघडा. १० मे रविवार आहे. १० ऑक्टोबर दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. १० नोव्हेंबरला दिवाळीचा पाडवा आणि १० जानेवारी २०२७ पुन्हा रविवार. दहापैकी चार हप्ते सुट्टीवर आले.

सुट्टी आली म्हणजे दुसऱ्या दिवशी चालतं, हा समज फार पक्का आहे. तो आला न्यायालयीन कामातून. मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, ही सवलत मुदत कायद्यात आहे. ती अर्जाला आहे, तुम्ही कबूल केलेल्या हप्त्याला नाही. तडजोडीत "सुट्टी असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी" असे शब्द असतील तरच पुढे ढकला. आपल्या कागदात ते नाहीत, उलट "किंवा त्यापूर्वी" आहे. म्हणून देणाऱ्याच्या वहीत मेचा हप्ता शुक्रवारी ८ तारखेलाच टाकायचा. एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही चालते हे खरं, पण रविवारी सही करणारा भागीदार गावाला गेलेला असतो आणि बँकेच्या ॲपची मर्यादा पाच लाखांच्या खाली निघते. रविवारी दुपारी हे कळून उपयोग नाही.

आता कसुरीचं कलम. इथेच जास्त वेळ घालवावा, कारण याच्या तारखा कागदावर नसतातच. आपलं कलम असं: हप्ता चुकल्यास वादीने लेखी नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न आल्यास उरलेली सगळी रक्कम हुकूमनाम्याच्या तारखेपासून १२ टक्के सरळ व्याजासह एकदम देय होईल. अनेकजण प्रत्येक हप्त्यापुढे पंधरा दिवस मोजून तारीख टाकतात. ती खोटी तारीख आहे. हे पंधरा दिवस हप्त्याच्या तारखेपासून नाही, नोटीस हाती पडल्यापासून धावतात, आणि नोटीसच गेली नाही तर धावतच नाहीत. म्हणून ही ओळ रिकामी ठेवायची: "नोटीस पोहोचल्याची तारीख: ____, अधिक १५ दिवस." पोचपावती आली की भरायची. घेणाऱ्याच्या वहीत मात्र त्याआधी एक ठाम ओळ हवी: ११ तारखेला सकाळी खातं तपासणे, पैसे नसतील तर त्याच दिवशी नोटीस. उशिरा आलेले हप्ते चार वेळा गुपचूप घेतले, तर पाचव्या वेळी समोरचा म्हणतो की तुम्हीच मुदत वाढवून दिली होती. पैसे घ्या, पण हक्क राखून घेतल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवा आणि त्याची नोंद त्या हप्त्यापुढे करा.

हप्त्यांसाठी पुढल्या तारखांचे चेक दिले असतील, तर आणखी एक मुदत जन्माला येते. चेक न वटल्याचं बँकेकडून कळलं की तीस दिवसांच्या आत चेकच्या कायद्यातल्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, कलम १३८ची नोटीस जायला हवी. ही मुदत कायद्याची आहे, वरची नोटीस कराराची. दोन्ही एकाच कागदात बसवता येतात, पण वहीत दोन ओळी ठेवा. एक पाळली म्हणून दुसरी पाळली गेली असं होत नाही.

आता देणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट, जी मला फार थोड्या वह्यांत दिसते. ८ मेला पाच लाख थेट समोरच्याच्या खात्यात भरले. हिशेबनिसाने ओळीवर बरोबरची खूण केली. पण ही रक्कम आता साध्या उधारीची नाही, हुकूमनाम्याची आहे. आदेश २१, नियम २ सांगतो की न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदली गेली पाहिजे. नोंद नसलेली रक्कम अंमलबजावणी करणारं न्यायालय विचारात घेत नाही. उद्या समोरच्याने पूर्ण साठ लाखांच्या वसुलीसाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावली, तर बँकेचा उतारा हातात धरूनही तुम्ही अडचणीत. नोंद करवणं हे मुळात हुकूमनामाधारकाचं काम. त्याने ते केलं नाही, तर देणाऱ्याने स्वतः अर्ज करायचा, आणि त्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ने पैसे दिल्यापासून ३० दिवसच दिले आहेत. ८ मेच्या हप्त्यासाठी ती तारीख ७ जून, रविवार. इथे मात्र न्यायालय उघडण्याच्या दिवसाची सवलत लागू होते. तरी वहीत ५ जूनच लिहा. म्हणजे दहा हप्त्यांच्या वीस ओळी होतात, आणि पहिल्या १० लाखांच्या दोन वेगळ्या. कन्सेंट टर्म्स लिहितानाच "प्रत्येक हप्ता मिळाल्यापासून सात दिवसांत वादी नोंदीची पुरशिस दाखल करील" असं कलम घालून घेतलं, तर हे ओझं समोरच्यावर जातं. पुरशिस म्हणजे पक्षाने न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन. त्याने पुरशिस दिली का हे आठव्या दिवशी तुम्हीच पाहायचं.

राहिला प्रश्न वही किती काळ ठेवायची. शेवटचा हप्ता १० फेब्रुवारी २०२७चा. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत बारा वर्षं, आणि हप्त्यांच्या हुकूमनाम्यात ती ज्या हप्त्यात कसूर झाली तिथून धरतात. म्हणजे शेवटचाच हप्ता बुडाला, तर दरखास्त फेब्रुवारी २०३९पर्यंत येऊ शकते. मात्र मधल्या एखाद्या कसुरीमुळे सगळी रक्कम एकदम देय झाली असेल, तर घेणाऱ्याने बारा वर्षं त्या दिवसापासूनच मोजावीत आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. तोवर त्या टेबलावरचा हिशेबनीस बदललेला असेल.