बॉक्सचा खालचा थर

वणी मागे पडली, सापुताऱ्याचा रस्ता चढायला लागला, की बोरगाव-हातगडच्या पट्ट्यात रस्त्याकडेला लाल बॉक्स दिसू लागतात. सुरगाणा तालुक्यातली ही स्ट्रॉबेरी. थंडी पडली की येते आणि उन्हं तापली की संपते.

हे फळ हातात घेऊन देठाकडून पाहा. हिरव्या पानांखाली पांढरट कडा आहे ना? म्हणजे घाईनं तोडलंय. घरी ठेवलं तर रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. स्ट्रॉबेरी झाडावर पिकते तेवढीच. त्यामुळे ‘उद्या पिकेल’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढं जावं. आकाराला भुलू नका, आधी वास घ्या. लहान पण देठापर्यंत लाल फळ बऱ्याचदा जास्त गोड निघतं.

आता बॉक्स उलटून पाहा. वरच्या थरात टपोरी फळं, खाली बारकी. तेवढं चालतं, सगळीकडेच असं भरतात. पण पुठ्ठ्याचा तळ ओला लागला, तर खालची फळं दबून रस सुटलाय.

भावाचा हिशेब इथंच चुकतो. समजा, ‘१ किलो’ म्हणून बॉक्स २०० रुपयांना मिळतोय. काट्यावर तो ९५० ग्रॅम भरला. पुठ्ठा-कागदाचे ७० गेले, उरले ८८०. त्यातली ८० ग्रॅम फळं दबलेली. खाण्याजोगी ८०० ग्रॅम, म्हणजे किलोला २५० रुपये पडले. शेजारची ताई सुटी, निवडलेली स्ट्रॉबेरी २४० नं देत असेल, तर स्वस्त तीच. जॅमच करायचा असेल तर मात्र संध्याकाळी थांबा. मऊ पडलेला माल विकणाऱ्यालाही घरी न्यायचा नसतो. मग भाव आपण सांगायचा.

जूनमध्ये त्र्यंबक-हरसूलकडची जांभळं येतात. तीही तोडल्यावर पिकत नाहीत. काळीभोर आणि तुकतुकीत असतील तीच घ्या. साल फाटून आंबूस वास येत असेल, तर तो वाटा तसाच राहू द्या.

सीताफळाचं गणित मात्र उलटं. ते घरी पिकतं, म्हणून कडक घ्यायला हरकत नाही. फक्त डोळे उघडलेले हवेत, मधल्या खाचा पिवळसर दिसायला हव्यात. डोळे मिटलेलं हिरवंगार फळ कोवळंच तोडलेलं असतं. ते धड पिकत नाही, काळं पडून दगडासारखं राहतं. किलोभर घेताना दोन चेपणारी आजसाठी निवडा, बाकीची कडक. आणि ती मऊ होईपर्यंत फ्रिजमध्ये टाकू नका.