‘संवाद सुधारावा’ म्हणजे उद्यापासून काय करावे?

(इंदूर येथे नोकरदार मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पीथमपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यांपैकी शेवटची काही कार्मिक विभागात. दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सहकाऱ्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय लिहिण्याचा एक फॉर्म फिरत असे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ज्यांच्याशी आपला कामाचा संबंध आला, त्यांच्याविषयी दोन रकाने भरायचे: काय चालू ठेवावे आणि काय बदलावे. आपल्यापैकी जे सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत काम करतात त्यांच्याकडे हाच फॉर्म संगणकाच्या पडद्यावर येतो, एवढाच फरक. आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या रकान्याविषयी, कारण नुकसान तिथे होते.

एका वर्षी फॉर्म वाटून झाल्यावर नियोजन विभागातील एक बाई हातात कागद घेऊन माझ्याकडे आल्या. चाचणी विभागातील एका पर्यवेक्षकाने त्यांच्याविषयी लिहिले होते: ‘संवाद सुधारण्याची गरज आहे. इतर विभागांना विश्वासात घेत नाहीत. तशा मेहनती आहेत.’ त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, “यातलं मी उद्यापासून काय करू?” मी तो मजकूर दोनदा वाचला आणि मला उत्तर देता आले नाही. जास्त बोलायचे, की कमी? मेल पाठवायचे, की बैठक बोलवायची? शिवाय ही तीन वाक्ये कारखान्यातल्या कोणाच्याही फॉर्मवर चिकटवली असती तरी खपून गेली असती. अभिप्राय लिहून झाला की त्यावरचे नाव झाकावे आणि दुसऱ्या कोणाचे नाव घालून पाहावे. तरीही तो बसत असेल, तर आपण त्या माणसाविषयी अजून काहीच लिहिलेले नाही.

त्या पर्यवेक्षकाला मी चहाला बोलावले आणि फॉर्मचा विषय बाजूला ठेवून नुसते विचारले, “काय झालं होतं?” तेव्हा तो घडाघडा बोलू लागला. 12 ऑगस्टला संध्याकाळी साडेसहाला दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचे वेळापत्रक बदलले. सकाळी सातला पहिली पाळी आली तेव्हा टेस्ट बेंचवर पंप पाइपला जोडणारे 80 मिलिमीटरचे फ्लँज चढवलेले होते आणि समोर उभे होते 100 मिलिमीटरचे पंप. फ्लँज उतरवून दुसरे बसवणे, पाइप सरळ रेषेत आणणे, गळती तपासणे, यात दीड तास गेला आणि तेवढा वेळ दोन माणसे हात बांधून बसली. “हे नेहमीचंच आहे,” तो शेवटी म्हणाला.

पाहा, याच माणसाकडे तारीख होती, वेळ होती, फ्लँजचा आकारही होता, आणि फॉर्मवर मात्र त्यातले काहीच उतरले नाही. हे आपल्या सगळ्यांचे होते. घरी जेवताना आपण ऑफिसातली तक्रार कशी सांगतो ते आठवा. कोण कुठे उभे होते इथपर्यंत सांगतो. फॉर्म समोर आला की मात्र आपण एकदम सरकारी होतो आणि ‘समन्वय’, ‘दृष्टिकोन’, ‘पुढाकार’ अशा शब्दांच्या आड जाऊन उभे राहतो. त्यात थोडी भीडही असते. नेमके लिहिले तर समोरच्याला टोचेल असे आपल्याला वाटते. माझा अनुभव उलटा आहे: ‘विश्वासात घेत नाहीत’ हे स्वभावावर जाते आणि बरेच दिवस सलते, तर ‘12 ऑगस्टला बदल साडेसहाला आला’ हे कामापुरते राहते. क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली अभिप्रायावरील पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे दिसले की अभिप्रायाने सरासरी काम सुधारते खरे, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते बिघडते. त्यांचे स्पष्टीकरण असे की अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळले, तर त्याचा उपयोग कमी होतो.

परंतु घरी सांगितलेली तक्रार जशीच्या तशी फॉर्मवर उतरवली तर ती नेमकी होईल, न्याय्य होईलच असे नाही, कारण तिच्यात ‘नेहमी’ हा शब्द असतो. म्हणून मी त्या पर्यवेक्षकाला सांगितले की आपण मोजू. त्याने चाचणीचे रजिस्टर आणले, मी नियोजनाचे मेल काढले, आणि आम्ही अर्धा तास बसलो. सहा महिन्यांत वेळापत्रक नऊ वेळा बदलले होते. त्यांपैकी सहा बदल दुपारी चारच्या आत कळवलेले होते आणि त्या सहाही वेळा बेंच आदल्या संध्याकाळीच तयार झाला होता. हे सहा प्रसंग त्याच्या स्मरणात अजिबात नव्हते, कारण जे सुरळीत पार पडते त्याची आठवण राहत नाही. उरले तीन. त्यांपैकी एका वेळी त्या बाईंनी दुसऱ्या पाळीच्या इनचार्जला फोन केल्याचे निघाले. इनचार्जने पाळी सोपवताना ते रजिस्टरमध्ये लिहिले नव्हते, म्हणजे ती चूक चाचणी विभागाचीच होती. ‘नेहमी’चे झाले दोन. हे पाहून तो बराच वेळ गप्प बसला. पण मी त्याला म्हटले की दोन प्रसंग म्हणजे काहीच नाही असेही नव्हे. दोन वेळा मिळून बेंचचे तीन तास गेले आहेत आणि ते लिहायलाच हवेत.

मोजताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते: ज्याविषयी आपण लिहितो आहोत, त्यातले त्या माणसाच्या हातात किती होते? ते दोन्ही बदल गिऱ्हाइकाने संध्याकाळी मागणीचा क्रम फिरवल्यामुळे झाले होते. ‘वेळापत्रक शेवटच्या क्षणी बदलू नये’ असे लिहिले असते तर ते वाचायला नेमके वाटले असते, पण अन्यायाचे झाले असते, कारण गिऱ्हाइकाला थांबवणे हे नियोजन विभागाचे काम नाही. त्यांच्या हातात होता तो एक फोन.

यानंतर त्याने जे लिहिले ते मी माझ्या वहीत उतरवून ठेवले होते: ‘या सहामाहीत चाचणीच्या वेळापत्रकात नऊ बदल झाले, त्यांपैकी सहा आपण दुपारी चारच्या आत कळवल्यामुळे बेंच आदल्या दिवशीच तयार ठेवता आला. जुलैअखेर एकदा आणि 12 ऑगस्टला बदल संध्याकाळी साडेसहानंतर केवळ मेलने आला. पाळीवरच्या लोकांना बेंचजवळ मेल पाहता येत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा सकाळी फ्लँज बदलण्यात सुमारे दीड तास गेला. बदल उशिरा येणे आपल्या हातात नसते. पाचनंतरचा बदल दुसऱ्या पाळीच्या इनचार्जला फोनवर सांगितलात, तर बेंच रात्रीच बदलता येईल. तो निरोप रजिस्टरमध्ये नोंदवला जाईल हे मी पाहीन.’

त्या बाईंनी हे वाचले आणि म्हणाल्या, “पाळीच्या लोकांना मेल दिसत नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” आपल्या बाजूने त्यांनी प्रत्येक वेळी कळवलेले होते. म्हणजे ‘इतर विभागांना विश्वासात घेत नाहीत’ हा निष्कर्षच मुळात चुकलेला होता, आणि चांगल्या हेतूने लिहिलेल्या कितीतरी अभिप्रायांचे असेच होते. घटना आपण पाहिलेली असते. तिचे कारण मात्र आपण मनाने जोडतो. म्हणून घटना आणि तिचा आपल्या कामावर झालेला परिणाम लिहावा. तिचे कारण मात्र आपल्याला ठाऊक असल्याशिवाय लिहू नये. ते वाचणाऱ्याला ठाऊक असते, आणि पुष्कळदा सुधारणेची वाटही तिथूनच निघते.

‘तशा मेहनती आहेत’ या वाक्याविषयीही थोडे बोलतो. टीकेला साखर लावण्यासाठी टाकलेली अशी स्तुती वाचणारा लगेच ओळखतो. नव्या मजकुरातले सहा बदलांचे वाक्य ही खरी स्तुती आहे, कारण काय चालू ठेवायचे ते त्यातून कळते. स्तुती जितकी मोघम, तितकी ती एकूण प्रतिमेवरून लिहिलेली असण्याचा संभव अधिक. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 सालीच दाखवले होते की सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालच्या लोकांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देताना प्रत्यक्षात एकच एकंदर मत सगळीकडे पसरवत होते. आपल्याकडेही, जो सकाळी पोह्यांच्या गाडीवर आपल्याबरोबर उभा असतो, त्याचे अहवालसुद्धा आपल्याला वक्तशीर वाटू लागतात.

ऑक्टोबरमध्ये लिहायला बसले की सप्टेंबर आठवतो आणि एप्रिल आठवत नाही. यावर मी वापरलेला उपाय साधा होता: शनिवारी वहीत एखादी ओळ, चांगल्या गोष्टीचीही. पण ही वही म्हणजे कोणाविरुद्ध जमवलेली फाइल होता कामा नये. ज्याची नोंद करावीशी वाटली ते त्याच आठवड्यात त्या माणसाला तोंडी सांगावे. 12 ऑगस्टची गोष्ट 13 ऑगस्टला सांगितली असती, तर मेलचा घोळ तेव्हाच निस्तरला असता आणि ऑक्टोबरमध्ये लिहायला काही उरलेच नसते. फॉर्मवर नाव नसते या भरवशावरही कोणी राहू नये. चाचणी विभागात वेळापत्रक पाहणारी माणसे दोन, त्यामुळे लिहिणारा कोण हे त्या बाईंना पहिल्याच ओळीत कळले होते. समोरासमोर बसून जे वाचून दाखवता येणार नाही, ते लिहू नये.

काही गोष्टी मात्र या फॉर्मच्या नव्हेतच. पैशांची अफरातफर, सुरक्षेचे नियम मोडणे किंवा कोणाचा छळ यांविषयी ‘काय बदलावे’ या रकान्यात सौम्य शब्दांत सुचवणे हे त्या माणसावरही अन्यायाचे आणि ज्याला त्रास झाला त्याच्यावरही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार तिथे जावी.

आणि ज्यांचे काम आपण जवळून पाहिलेलेच नाही त्यांच्याविषयीही फॉर्म येतो. बैठकीत दोनदा भेटलेल्या माणसाच्या ‘नेतृत्वगुणां’वर चार ओळी लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण रिकामा रकाना आळशीपणाचा दिसतो. आमच्या फॉर्मला रिकामा रकाना चालत नसे. अशा वेळी मी लिहीत असे, ‘या सहामाहीत यांच्या कामाशी माझा संबंध आला नाही.’ ते वाक्य कोणी कधी परत पाठवले नाही.