वरच्या खोलीचं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं घर कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. खाली मी एकटी राहते. वर बाहेरून जिना असलेली एक खोली नि स्वयंपाकघर आहे, ते भाड्यानं देते. माझ्या औषधपाण्याचा आणि घरफाळ्याचा खर्च त्यातूनच निघतो. भाडं आलं नाही तर मला फरक पडत नाही असं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, बाईंना पैशाची पर्वाच नाही.

गेल्या पावसाळ्यात वर एक मुलगा राहत होता. मूळचा आजरा तालुक्यातला, शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला. भाडं 6500, अनामत 25,000. पाच तारखेला भाडं मोबाइलवर यायचं. जूनचं आलं नाही. आठवण केली, तर 21 जूनला उत्तर आलं, "काकू, देतो की पुढच्या आठवड्यात." त्यानंतर काहीच नाही. पाच जुलैला फोन केला, तर बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला, तर एकच खूण. दहा तारखेपर्यंत माझे सात निरोप गेले होते आणि सगळे एका खुणेवर अडकलेले.

ही एक खूण मला तेव्हा नीट कळत नव्हती. मला वाटायचं, पाहून न पाहिल्यासारखं करतोय. भाच्यानं समजावलं, की दोन खुणा म्हणजे निरोप त्याच्या फोनवर पोचला, एकच म्हणजे पोचलेलाच नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल, नंबर बदलला असेल किंवा त्यानं मला ब्लॉक केलं असेल. यातलं नेमकं काय ते त्या खुणेवरून कळत नाही. म्हणजे ज्या माणसाच्या कानावर माझा शब्दच गेला नव्हता, त्याच्यावर मी आठवडाभर चिडून बसले होते. सातवा निरोप तर असा होता: "भाडं द्यायचं नसेल तर खोली रिकामी कर." तो मी त्याच रात्री पुसून टाकला.

मग खरी भीती वाटायला लागली. पोरगं वरच पडलं असेल तर? एकटा राहणारा माणूस, तापानं फणफणला तर पाणी द्यायलाही कुणी नाही. जिना चढून गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. जीव भांड्यात पडला. दार आतून लावलेलं असतं, हाका मारून आवाज आला नसता, वास येत असता, तर मी तिथूनच 112 ला फोन लावला असता. अशा वेळी स्वतः कडी तोडायची नसते. पोलिसांना बोलवायचं आणि शेजारच्या चार जणांना उभं करायचं.

खाली आले आणि जिन्याखालच्या मीटरकडे लक्ष गेलं. वरच्या खोलीचं मीटर वेगळं आहे. बिल माझ्या हातात येतं, ते चष्मा लावून वाचलं. 24 जूनला रीडिंग घेतलं होतं, 4109. आता 15 जुलैला मीटरवर 4112. महिन्याला साठ-एकसष्ट युनिट जाळणारा पोरगा, म्हणजे दिवसाला दोन. तीन युनिट म्हणजे फार तर दीड दिवस. पंचवीस-सव्वीस जूनच्या सुमारास तो गेला, इतकं तरी कळलं. गडबडीत गेला नव्हता, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं तर आकडा तसाच, 4112. म्हणजे पंखा, दिवे बंद करून गेला होता. पळून जाणारा माणूस दिवे कशाला बंद करील, असं मी शेजारणीला म्हटलं. ती म्हणाली, "सवय असती एकेकाला." तेही खरंच.

करारावर साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर काम करणाऱ्याची सही होती, नंबरही होता. त्याला फोन लावला. ठरवूनच लावला, की भाड्याचं अवाक्षर काढायचं नाही. कारण त्याच्यापुढे काढलं असतं तर दोन दिवसांत सगळ्या शॉपभर झालं असतं. फक्त विचारलं, पोरगा बरा आहे का? तो म्हणाला, "काकू, त्याला मे अखेरीला ब्रेक दिला की. काम सुटलंय त्याचं. गावाकडं असंल." ठेकेदाराकडच्या कामगारांना ब्रेक देतात, हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा घेतील की नाही, ते कुणी सांगत नाही.

म्हणजे जूनमध्ये तो रोज डबा घेऊन बाहेर पडत होता ते कुठं जात होता, कोण जाणे. मला जिन्यावर भेटला की म्हणायचा, "आज सेकंड शिफ्ट, काकू."

आता पत्र लिहायचं ठरवलं. करारात गावचा कायमचा पत्ता होता. पहिल्यांदा कार्ड घेऊन बसले होते, घरात पडलेलं. मग लक्षात आलं, उघडं कार्ड गावात पोचेपर्यंत पोस्टमन वाचणार, पारावरचे वाचणार, बापाच्या हातात सगळ्यांत शेवटी पडणार. त्यावर भाड्याचा आकडा लिहिणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. म्हणून बंद पाकीट, त्याच्याच नावानं, बापाच्या नावानं नाही. आणि स्पीड पोस्टानं, कारण पोचलं की नाही ते कळतं. पुढेमागे प्रकरण वाढलंच, तर आपण विचारणा केली होती याचा कागदही हातात राहतो.

मजकुरावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या खर्ड्यात "थकबाकी" हा शब्द चार वेळा आला होता. तो खोडला. त्या शब्दाला कोर्टाचा वास येतो. दुसरा खर्डा इतका गोड झाला, की त्यात भाड्याचा उल्लेखच नव्हता. तोही फाडला. कारण आकडा लिहिला नाही, तर वाचणारा मनात त्याहून मोठा आकडा धरतो आणि आणखी घाबरतो. त्याचं काम सुटल्याचं मला कळलंय, हेही लिहिलं होतं, ते काढलं. ते त्यानं सांगायचं, मी त्याच्या आधी सांगून त्याला उघडं पाडायचं नाही. शेवटी गेलं ते पत्र वाचून दाखवते. नाव तेवढं गाळते.

"चि. ... यास अनेक आशीर्वाद. तू बरा आहेस का, हे विचारायला हे पत्र. फोन लागत नाही म्हणून काळजी वाटली. खोलीला तुझं कुलूप आहे तसंच आहे. मी उघडलेलं नाही. तुझं सामान जिथल्या तिथे आहे. लाइट, पाणी चालू आहे.

हिशेब असा. जून आणि जुलैचं भाडं 13,000, लाइट बिल 640, एकूण 13,640. तुझी अनामत माझ्याकडे 25,000 आहे. म्हणजे आज तू मला भेटलास, तरी तुझेच 11,360 माझ्याकडे निघतात. तेव्हा तोंड चुकवण्यासारखं काही झालेलं नाही. खोली ठेवायची असेल तर थोडं थोडं दे, आपण तारखा ठरवू. सोडायची असेल तर तसं सांग, वजा करून बाकीची रक्कम देते. ऑगस्टच्या पाच तारखेपर्यंत काहीतरी कळव, कारण त्यापुढे अनामत संपत जाईल आणि मग मला दुसऱ्या रीतीनं विचारावं लागेल.

वरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे. ती आतून बघायला हवी. तू येशील तेव्हा बघू. फारच गळायला लागलं, तर आधी तुला पुन्हा कळवीन, मगच शेजारच्या काकांसमोर दार उघडीन.

सोबत पाकीट ठेवलं आहे, त्यावर माझा पत्ता आणि तिकीट आहे. बाकी काही लिहायचं नसलं, तर आत ठेवलेल्या चिठ्ठीवर खूण करून पाठव."

चिठ्ठीवर मी एकच ओळ लिहून ठेवली होती: "मी बरा आहे." त्याच्यापुढे एक चौकोन. लाज वाटत असलेल्या माणसाला कोरा कागद फार अवघड जातो. काय लिहावं, कुठून सुरुवात करावी, यातच महिना जातो. चौकोनात टिक मारायला काही लागत नाही.

ओल, कुलूप, लाइट हे मी पत्रात उगाच घातलं नव्हतं. भाचा म्हणत होता, "मामी, मीटरचा फ्यूज काढ आणि वर आपलं कुलूप घाल, आपोआप फोन येतोय बघ." बरेच मालक असंच करतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यातलं 29 वं कलम भाडेकरूचं पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडायला मनाई करतं. जागा पाहायची तर आधी कळवून, योग्य वेळी, असं त्याच कायद्याचं 28 वं कलम सांगतं, आणि त्यात लीव्ह अँड लायसन्सवर राहणाराही येतो. शिवाय फ्यूज काढला असता तर मीटरवरचा आकडा मला काय सांगणार होता? आत कुणी येऊन गेलं की नाही, हे कळायची तेवढी एकच सोय माझ्याकडे होती.

पत्र 17 जुलैला टाकलं. आठवडा गेला. पाऊस असा होता, की पंचगंगेचं पाणी किती चढलं याशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आजऱ्याकडची टपाल वेळेवर जाईल अशी मला आशा नव्हती. दहाव्या दिवशी माझंच पाकीट माझ्या हातात आलं. ओलसर, कडेला सुटलेलं. आत चिठ्ठी. चौकोनात टिक होती. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "काकू, मेन स्विच बंद केलाय का बघा. बिल वाढंल."

दोन ऑगस्टला, रविवारी, तो स्वतः आला. फोन विकला होता. बरोबर पिशवीत घनसाळ तांदूळ आणि खिशात दोन हजार रुपये. कामाचं त्यानंच सांगितलं, मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. खोली सोडायची नव्हती. गोकुळ शिरगावला एका ठिकाणी बोलणं चाललं होतं. दोन महिन्यांचं भाडं आणि बिल अनामतीतून वळतं करायचं, ऑगस्टपासून पुढचं भाडं वेळेवर द्यायचं आणि कमी झालेली अनामत महिन्याला दोन हजारांनी भरून काढायची, असं ठरलं. पहिला हप्ता त्यानं तिथेच ठेवला. 13,640 मधले दोन हजार गेले, राहिले 11,640. मी वहीतून पावतीचा कागद फाडला.

"पावती कशाला, काकू?" म्हणाला.

"मी दिली नाही तर चूक माझी होते," म्हटलं, आणि तारीख घातली.

मग तो वर गेला. कुलूप गंजलं होतं, पावसानं किल्ली फिरेना. खोबरेल तेलाची बाटली घेऊन मीच जिना चढले.