संध्याकाळचं रडणं: कळ, भूक की दूध वर येणं?

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ पाच-सहा आठवड्यांचं झालं की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. दिवसभर बाळ छान असतं, पण दिवेलागणीला जे रडायला लागतं ते रात्री दहापर्यंत थांबत नाही. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं. आजी म्हणते, पोटात कळ येतेय. आई म्हणते, माझं दूध पुरत नसेल. आणि शेजारच्या ताईंनी सांगितलेलं असतं की हा रिफ्लक्स आहे, यावर औषध मिळतं. यातलं खरं काय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते आज सांगते.

दीड महिन्याच्या लसीसाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. सातच्या सुमारास तिचं रडणं सुरू व्हायचं. आई छातीशी घ्यायची, बाळ दोन घोट घ्यायचं, तोंड सोडायचं आणि पुन्हा किंचाळायचं. दूध कमी पडत असेल म्हणून घरच्यांनी दोन रात्री पावडरचं दूध पाजून पाहिलं. ती प्यायली, आणि पोट भरल्यावरही तशीच रडत राहिली.

मी आधी तिचं कार्ड मागितलं. जन्माचं वजन 2.8 किलो, तिसऱ्या आठवड्यात 3 किलो, आणि त्या दिवशी काट्यावर 3.7. म्हणजे तीन आठवड्यांत 700 ग्रॅम, रोजचे तीस ग्रॅमहून थोडे जास्तच. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढ असेल तर बाळाला दूध पुरतंय. दिवसरात्र मिळून सात-आठ वेळा शू होत होती. सकाळी ती हसायची, दुपारी तीन तास झोपायची. उपाशी बाळाचं असं होत नाही.

भुकेचं रडणं वेगळं असतं. बाळ आधी तोंड इकडेतिकडे फिरवतं, हात चोखतं, कुरकुरतं आणि मग रडतं. छातीला लावलं की घट्ट धरतं, गटागट गिळल्याचा आवाज येतो आणि शांत होतं. संध्याकाळी कित्येक बाळं तासा-अर्ध्या तासानं प्यायला मागतात, तेही स्वाभाविक आहे. मागेल तेव्हा पाजावं. पण वजन वाढत नसेल, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल, तर मात्र भुकेचा विचार आधी करायचा आणि बाळ नीट धरतंय का हे कुणा जाणत्याकडून तपासून घ्यायचं.

आता रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं दूध वर येणं. ढेकरेबरोबर थोडं दूध बाहेर येणं बहुतेक बाळांना होतंच. बाळ गुळणी टाकतं आणि खुशाल हसतं. त्याला उपचार लागत नाही. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धरलं की पुरतं. त्रास देणारा रिफ्लक्स घड्याळ पाहून येत नाही. तो पिण्याशी जोडलेला असतो: पिता पिता किंवा प्यायल्यावर लगेच, सकाळी काय नि रात्री काय. बाळ पाय पोटाशी घेण्यापेक्षा पाठीची कमान करून मागे ताणतं, दूध नाकारायला लागतं, आणि हळूहळू वजन मागे पडतं. या मुलीत यातलं काहीच नव्हतं. केवळ रडतंय म्हणून आम्ल कमी करणारं औषध देऊ नये. त्यानं अशा बाळांचं रडणं कमी होत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे.

राहिली कळ. डॉक्टर तिला कोलिक म्हणतात. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. 1954 साली वेसेल या डॉक्टरांनी व्याख्या केली होती: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडणं. आज आम्ही इतकं मोजत बसत नाही. निरोगी, वाढणारं बाळ कारणाशिवाय वारंवार, बराच वेळ रडतं आणि काही केल्या शांत होत नाही, इतकं पुरतं. अंगावर पिणारी आणि वरचं दूध पिणारी, दोन्ही बाळं यात सारखीच सापडतात.

आणि ते पाय? पोटाशी घेतलेले पाय म्हणजे पोटदुखीचा पुरावा, असं आपण धरून चालतो. पण जोरानं रडणारं कुठलंही बाळ पोटाचे स्नायू आवळतं, त्यामुळे गुडघे वर येतात आणि पोट टणक लागतं. रडताना ते हवा गिळतं, म्हणून नंतर वायू सरतो. पुष्कळदा वायू रडण्यामुळे होतो, रडणं वायूमुळे नव्हे. म्हणून मी आयांना सांगते, रडण्याच्या त्या तीन तासांवरून निदान करू नका. बाकीच्या एकवीस तासांत बाळ कसं पितं, झोपतं, वाढतं ते बघा.

त्या मुलीच्या घरी मेडिकलमधून पोटदुखीचे थेंब आणले होते. बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलं होतं. ते मी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. सहा महिन्यांखालच्या बाळांचा श्वास या औषधानं थांबल्याच्या घटना आहेत, म्हणून त्या वयात ते द्यायचंच नाही. ग्राइप वॉटरनं कळ थांबत नाही. मध वर्षाच्या आत नको. गुटी आणि पाणीही नको, पहिले सहा महिने फक्त दूध. धुरीचा धूर बाळाच्या छातीत जातो, तो टाळाच. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणाऱ्या आजीला मी अडवत नाही, कातडीवर पुरळ येत नाही एवढं पाहायचं.

मग करायचं काय? दिवे मंद करा, माणसांची गर्दी कमी करा. बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, डोकं कोपराशी, आणि सावकाश येरझाऱ्या घाला. छातीशी बांधून फिरवा, कानाशी एकसुरी 'शूऽऽ' करा. झोपलं की मात्र उताणंच ठेवा. या मुलीच्या बाबांनी आठ ते नऊची पाळी स्वतःकडे घेतली, तेवढ्यात आई जेवून पडायची. आणि कुणाचाही संयम सुटायला लागला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडून बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात एकदा जरी गदगदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

काही बाबतींत मात्र सकाळची वाट पाहू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, प्रत्येक वेळी लांबवर उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेलं पोट, जांघेत घट्ट गाठ, किंवा बाळ मलूल होऊन पिणंच सोडणं, यांपैकी काही असेल तर लगेच रुग्णालय गाठा. बाळाचे सगळे कपडे काढून हातापायांची बोटंही पाहा. कधी आईचा केस बोटाला घट्ट गुंडाळलेला असतो आणि बाळ त्यानंच रडत असतं. आणि चार महिने उलटल्यावर असं रडणं नव्यानं सुरू झालं, थांबून थांबून कळ येऊन बाळ पांढरं पडू लागलं, तर त्याला कोलिक म्हणू नका. आतडं आतड्यात शिरल्यावरही बाळ असंच पाय पोटाशी घेतं, आणि तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो.

नमस्कार.