जे भामट्याला स्वतः बनवता येत नाही

(वाचनालयातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, नोकरीच्या बनावट पत्रांविषयी पहिला सल्ला नेहमी शुद्धलेखनाचा दिला जातो: इंग्रजीत चुका दिसल्या की सावध व्हा. एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, हा निकष लावला असता तर मी स्वतः पाठवलेली निम्मी नेमणूकपत्रे बनावट ठरली असती. (हशा) माझा आग्रह वेगळा आहे. समोर आलेल्या प्रत्येक खुणेबद्दल एकच विचारावे, की ही खूण पाठवणाऱ्याला घरबसल्या तयार करता येते का? येत असेल, तर तिला शून्य गुण.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला लिंक्डइनवर एका नामांकित कंपनीच्या भरती विभागातील बाईंचा संदेश आला. मग व्हॉट्सॲपवर वीस मिनिटांची मुलाखत झाली, तीही टाइप करून, आणि दुसऱ्याच दिवशी नेमणूकपत्र हजर. ताईने पेढे वाटले; दोन मीही खाल्ले, हे कबूल केले पाहिजे. पत्रावर बोधचिन्ह होते, शिक्का होता आणि कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन होता. भाच्याने तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासला, तो अस्सल निघाला. “मामा, सरकारदरबारी नोंद आहे,” असे त्याने मला अभिमानाने सांगितले. नोंद असणारच, कारण कंपनी खरी होती. संशय पत्रावर होता. सीआयएन कंपनीला आपल्या लेटरहेडवर छापावाच लागतो, त्यामुळे ज्याच्या हाती कंपनीचे एखादे पत्र पडले, त्याला तो उतरवून घेता येतो.

मग मी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. खऱ्या कंपनीचे संकेतस्थळ `example.com` होते असे आपण समजू. पत्र आले होते `hr@example-careers.com` वरून. येथे बहुतेक जण फसतात, कारण कंपनीचे नाव डोळ्यांना दिसते. पत्ता मागून वाचावा: .com च्या लगेच आधीचा, ठिपक्यापर्यंतचा संपूर्ण तुकडा हाच मालक. `careers.example.com` हे नाव मूळ कंपनीच्याच हातात असते. मधल्या ठिपक्याच्या जागी आडवी रेघ आली की ते निराळे नाव होते आणि रिकामे असल्यास थोड्या पैशांत कोणीही विकत घेऊ शकतो. जीमेलमध्ये तपशील उघडल्यावर दिसणारी “signed-by” ही ओळसुद्धा येथे उपयोगाची नाही, कारण भामटा स्वतःच्या डोमेनची सही रीतसर करतो. त्या डोमेनची नोंदणी कधी झाली, ही तारीख मात्र त्याला मागे नेता येत नाही. `lookup.icann.org` वर आम्ही ती पाहिली: अकरा दिवसांपूर्वीची.

भाचा तरीही डळमळत होता, कारण ‘लॅपटॉपची परतावा मिळणारी अनामत’ म्हणून १४,५०० रुपये त्याच संध्याकाळी भरायचे होते. मी त्याला यूपीआय आयडी घालून पिन टाकण्याच्या आधी थांबायला सांगितले. पडद्यावर खातेदाराचे नाव आले ते कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे. ते नाव बँकेच्या नोंदीतून येते, भामट्याने टाइप केलेले नसते. शेवटी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी आमचे म्हणणे पूर्ण होण्याआधीच विचारले, “लॅपटॉपचे पैसे भरलेत का?”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, आणि व्याख्यानाचा जाहीर केलेला विषय, म्हणजे भरती करणाऱ्याचे लिंक्डइनवरचे प्रोफाइल कसे ओळखावे, अजून शिल्लक आहे. (हशा) थोडक्यात सांगतो. प्रोफाइलवरच्या पाचशे ओळखींना आणि देखण्या छायाचित्राला शून्य गुण. “About this profile” उघडावे: खाते कोणत्या महिन्यात सुरू झाले आणि नोकरीच्या ठिकाणाची पडताळणी झाली आहे का, हे तेथे कळते. ही पडताळणी बहुधा कंपनीच्या ईमेलवरून होते, म्हणून तिला वजन आहे; नुसती ओळखपत्राची पडताळणी केवळ माणूस खरा असल्याचे सांगते, त्याची नोकरी नाही. जुने खाते चोरलेलेही असू शकते, आणि उलट खऱ्या कंपन्या भरतीचे काम बाहेरच्या एजन्सीला देतात, तेव्हा वेगळे डोमेन दिसले म्हणून लगेच चोर ठरवू नये. दोन्ही वेळी उपाय एकच, कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः घेतलेल्या क्रमांकावर फोन.

परदेशातील नोकरी असेल, तर एजंटचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या `emigrate.gov.in` वर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत शोधावे. परवान्याचा फोटो त्याने पाठवला, तरी तो फोटोच. आणि पैसे गेलेच असतील, तर घरात वाद घालत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत विखुरली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. माझ्या भाच्याने १४,५०० वाचवले, पण त्याआधी ‘कागदपत्र पडताळणी’चे २,७५० रुपये मला न सांगता भरले होते, आणि ते त्याने चार दिवसांनी सांगितले.