परदेशातलं खातं आणि आपलं रिटर्न

नमस्कार श्रोतेहो. परदेशात नोकरी करून परत आलेल्या आणि आता इथे निवासी म्हणून आयकराचं रिटर्न भरणाऱ्यांशी मला आज बोलायचं आहे. नाशिकमध्ये मी करसल्लागाराचं काम करतो. गेल्या वर्षी सिडकोतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. बारा वर्षं दुबईत काढून ते 15 जून 2022 ला कायमचे परतले होते. म्हणाले, "साहेब, दुबईचं मोठं खातं मी फेब्रुवारी 2024 मध्येच बंद केलं. 2024-25 चं वर्ष तर एप्रिलपासून सुरू होतं. मग ते खातं या रिटर्नमध्ये कशाला दाखवायचं?"

त्यांचा हिशेब कुणालाही पटेल असाच होता, पण तो चुकीचा होता.

आधी हे पाहू की परदेशी मालमत्ता दाखवायची सक्ती नेमकी कुणावर आहे. परत आल्याबरोबर ती लागू होत नाही. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माणूस बहुधा 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' या गटात राहतो. आमच्या धंद्यात त्याला आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले तुमचे दिवस 729 च्या वर गेले नसतील, तर तुम्ही या गटात येता. तोवर परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, म्हणजे शेड्यूल एफए, भरावं लागत नाही.

या गृहस्थांची 2022-23 आणि 2023-24 ही दोन वर्षं त्या सवलतीत गेली. 2024-25 साठी दहा वर्षांची अट तुटली, म्हणून आम्ही दिवस मोजायला बसलो. परतल्यानंतरचे 290 आणि पुढच्या लीप वर्षाचे 366 मिळून 656 झाले. त्याआधीच्या पाच वर्षांत ते दरवर्षी तीन आठवडे सुट्टीवर घरी येत होते, त्याचे 105 दिवस धरले की 761. म्हणजे सवलत संपली. सुट्ट्या जरा आखूड असत्या, तर आणखी एक वर्ष मिळालं असतं! म्हणून जुने पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यावरच्या शिक्क्यांवरूनच हे दिवस मोजता येतात.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, पण शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबरचं असतं. 2024-25 च्या रिटर्नमध्ये 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024 या काळात एक दिवसही जवळ असलेलं खातं दाखवायचं असतं. फेब्रुवारीत बंद झालेलं खातं त्यात बसतंच.

त्या खात्यात 20 जानेवारीला 80,000 दिरहम होते, तीच वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक. रुपये काढायचे ते स्टेट बँकेच्या त्या दिवसाच्या टीटी बाइंग दराने, म्हणजे बाहेरून आलेलं परकीय चलन बँक ज्या दराने विकत घेते त्या दराने. दर साडेबावीस धरला, तर 18 लाख होतात. अखेरची शिल्लक शून्य. जानेवारी-फेब्रुवारीत जमा झालेलं व्याजही तिथे लिहायचं. मात्र त्या व्याजावर इथे कर नाही, कारण ते मिळालं तेव्हा हे गृहस्थ सवलतीच्या वर्षात होते. परिशिष्टातलं व्याज आणि करपात्र व्याज यांचे आकडे वेगळे निघाले, तर घाबरू नका. दोन्हींची वर्षंच वेगळी आहेत.

त्यांचं एक छोटं बचत खाते अजून तिथे चालू आहे. त्याचं एप्रिलपासूनचं व्याज इथल्या उत्पन्नात धरलं. दुबईत त्यावर कर कापला जात नाही, त्यामुळे वजावट मागायचा प्रश्न आला नाही. रिटर्नच्या आयटीआर-1 या फॉर्ममध्ये हे परिशिष्टच नाही, म्हणून आयटीआर-2 भरलं. त्यांचं एनआरई खातं मात्र यात येत नाही, ते इथल्याच बँकेतलं आहे.

हे न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण 20 लाखांपर्यंत असेल, तर हा दंड लागत नाही. दाखवण्यातून सुटका मात्र मिळालेली नाही. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

निघताना त्यांनी सहज सांगितलं की बचत खातं पत्नीबरोबर संयुक्त आहे. पत्नीही तोवर सामान्यतः निवासी झाल्या होत्या. त्यांना इथे उत्पन्न नाही, तरी त्या खात्याच्या मालक असल्यामुळे त्यांनाही वेगळं रिटर्न भरावं लागलं.

आणि ज्यांचं खातं अजून बंद व्हायचं आहे, त्यांनी बंद करण्याआधीच जानेवारीपासूनचं स्टेटमेंट उतरवून ठेवा. या गृहस्थांचं लॉगिन खात्याबरोबरच बंद झालं होतं, आणि ते 80,000 कोणत्या तारखेचे, हे कळायला आम्हाला पाच आठवडे दुबईशी पत्रव्यवहार करावा लागला.