नाश्ता सोडला आणि पोट अडलं

सोळा-आठचा उपवास, म्हणजे सोळा तास उपाशी राहून आठ तासांतच खाणं, करणाऱ्यांकडून मी एक वाक्य नेहमी ऐकतो. वजन उतरतंय डॉक्टर, पण पोट साफ होत नाही. त्यावर ते तंतुमय पदार्थ वाढवतात, रात्री रेचक घेतात, दिवसभर पाणी पितात. पहिलं जेवण किती वाजता होतं, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

रात्री झोपेत मोठं आतडं जवळजवळ शांत असतं. जाग येते तशी त्याची हालचाल वाढते. मग पोटात अन्न गेलं की जठर ताणलं जातं, लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध पदार्थ पोचतात, आणि मज्जातंतू व संप्रेरकं मोठ्या आतड्याला पुढे सरकायला सांगतात. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. काही मिनिटांत तो सुरू होतो आणि पुढचा अर्धा-पाऊण तास त्याचा जोर राहतो. (आत्ता खाल्लेलं लगेच बाहेर पडतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. बाहेर पडतो तो बहुधा आधीच्या एक-दोन दिवसांचा माल.) जाग येणं आणि पहिलं खाणं हे दोन धक्के सकाळी पाठोपाठ बसले की बहुतेकांचं काम होतं. नाश्ता सोडला की दुसरा धक्का दुपारवर जातो आणि पहिला एकटा पडतो. काहींना तेवढा पुरतो, काहींना नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एक माणूस साडेसहाला उठतो, आठला घराबाहेर पडतो. दुपारी बारा ते रात्री आठ ही त्याची खाण्याची विंडो. बाराला ऑफिसात डबा उघडतो, सव्वाबाराला पोटात कळ येते. साडेबाराला मीटिंग असते आणि तिथलं टॉयलेट त्याला आवडत नाही, म्हणून तो कळ दाबतो. गुदाशय ताण सोडून सैल होतो आणि कळ विरते. मल मात्र तिथेच असतो आणि त्यातलं पाणी शोषलं जातं. संध्याकाळी तो बसतो तेव्हा कळ नसते, नुसतं कुंथणं असतं. असं रोज झालं की गुदाशयाला भरलेलं राहायची सवय होते आणि कळ आणखी मंद येते. या माणसाचा बिघाड भाजी कमी खाण्यात नाही, सव्वाबाराच्या वेळेत आहे.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विंडो अलीकडे आणणं. साडेसहाला उठायचं, सातला खायचं, सव्वासातला संडासात जाऊन बसायचं आणि शेवटचं जेवण तीनच्या आत. तीन वाजता जेवण संपवणं घरच्यांबरोबर जेवणाऱ्याला अवघड जातं, हे मला मान्य आहे. अशा वेळी मी सोळा तासांचा हट्ट सोडायला सांगतो. सात ते पाच, म्हणजे चौदा तासांचा उपवास, पोट आणि संसार दोन्ही सांभाळतो. पहिलं खाणं मात्र खरं खाणं हवं. अर्ध्या फळाने रिफ्लेक्स जेमतेम हलतो. भरपेट आणि थोडी स्निग्धता असलेल्या जेवणाने तो चांगला जागा होतो.

विंडो हलवणं जमतच नसेल, तर बाराच्या जेवणानंतरची वीस मिनिटं मोकळी ठेवा आणि आलेली कळ दाबू नका. आतडं दुपारची वेळही शिकतं, त्याला काही आठवडे द्या. बसताना पायाखाली छोटं स्टूल घेतलं, गुडघे कमरेच्या वर आले, की मार्ग सरळ होतो. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठा, कुंथत बसू नका.

उपवास न मोडता सकाळी काय घेता येईल? बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. 1990 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना कॉफीने कळ येते, त्यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल कॉफी पिताच चार मिनिटांत वाढली. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही वाढली, नुसत्या गरम पाण्याने नाही. पण कॉफी सगळ्यांना लागू पडत नाही, त्याच प्रयोगात काहींवर तिचा परिणाम झाला नाही.

एक चिठ्ठी आली आहे: 'जेवणं कमी झाली तर शौचही कमीच होणार ना?' हो, थोडं कमी होणं स्वाभाविक आहे. एक दिवसाआड होतंय, पण मऊ होतंय आणि जोर लावावा लागत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणू नका. लेंड्यांसारखे सुटे, कडक खडे पडत असतील, किंवा होऊनही पूर्ण झालं नाही असं वाटत असेल, तर वेळ बदला. एक जेवण गळलं की त्यातले तंतू आणि पाणीही जातं, तेवढं उरलेल्या जेवणांतून भरून काढा. मलात रक्त दिसलं, ठरवल्यापेक्षा जास्त वजन उतरलं, किंवा पंचेचाळिशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली, तर त्याचं खापर उपवासावर न फोडता तपासून घ्या. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर विंडो हलवण्याआधी औषधाची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.